एकच पोर्टफोलिओ, तेच ५०० दिवस, पण व्हॅरचे दोन आकडे: ३३,१०८ की ४१,२००?

सावकाश

गेला आठवडाभर एका गोष्टीत अडकलोय, म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे दोनच शेअर्सचा पोर्टफोलिओ आहे. सोयीसाठी त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतो आणि रक्कम पूर्णांकात धरतो. एकूण १०,००,०००, त्यातले ६,००,००० 'अ' मध्ये आणि ४,००,००० 'ब' मध्ये. उद्याच्या एका दिवसाचा, ९९ टक्क्यांचा व्हॅर काढायचा होता. म्हणजे शंभरातल्या साधारण एकाच दिवशी ओलांडला जाईल असा तोट्याचा आकडा.

आधी पॅरामेट्रिक केलं. मागच्या ५०० सत्रांचे रोजचे परतावे घेतले. 'अ' चं स्टँडर्ड डेव्हिएशन १.५ टक्के आलं, 'ब' चं २ टक्के आणि दोघांतलं कोरिलेशन ०.४. रोजचा सरासरी परतावा शून्य धरला, कारण एका दिवसात तो नगण्यच असतो. मग 'अ' चा चढउतार ६,००,००० च्या १.५ टक्के म्हणजे ९,००० आणि 'ब' चा ४,००,००० च्या २ टक्के म्हणजे ८,०००. दोन्ही एकत्र असे, शेवटचा २.३२६ हा नॉर्मल वक्राचा ९९ टक्क्यांचा गुणक:

```
9000^2 + 8000^2 + 2*0.4*9000*8000 = 202600000
sqrt(202600000) = 14234
14234 * 2.326   = 33108
```

मग हिस्टॉरिकल सिम्युलेशन. त्याच ५०० दिवसांतला प्रत्येक दिवस 'उद्या' म्हणून आजच्या पोर्टफोलिओवर घडवून पाहिला. उदाहरणार्थ, एका दिवशी 'अ' ३.२ टक्के आणि 'ब' ५.५ टक्के पडला होता. आजच्या रकमांवर तसंच घडलं तर १९,२०० अधिक २२,०००, म्हणजे ४१,२०० चा तोटा. असे ५०० आकडे काढून लावले. सगळ्यात वाईट दहा:

७१,४०० / ५८,९०० / ४७,२०० / ४४,१०० / ४१,२०० / ३८,६०० / ३६,९०० / ३५,२०० / ३४,७०० / ३४,१००

५०० चा एक टक्का म्हणजे ५, म्हणून पाचवा आकडा घेतला: ४१,२००.

डेटा तोच आणि फरक आठ हजारांचा. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे हेच ९५ टक्क्यांना केलं तर उलटं होतंय. तिथे पॅरामेट्रिक २३,४१५ देतो आणि हिस्टॉरिकल (पंचविसावा वाईट दिवस) फक्त २२,१००. माझं काही चुकतंय का? आणि नसेल चुकत, तर कुठला आकडा धरायचा?

---

रात्रपाळी

हिस्टॉरिकल धरा. जे घडलंय ते घडलंय, त्यात गृहीतकच नाही.

---

मोजपट्टी

सावकाश, तुमचं गणित बरोबर आहे. मी बरीच वर्षं एका रिस्क विभागात रोज हेच आकडे काढले आहेत, आणि ते ९५ ला उलटं होणं ही चूक नसून तुमच्या डेटाबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट आहे.

पॅरामेट्रिकमध्ये तुम्ही ५०० दिवसांचं सगळं म्हणणं एका आकड्यात कोंबलंत, १४,२३४. पुढचं सगळं नॉर्मल वक्राने ठरवलं. आता शेअर्सच्या रोजच्या परताव्यांचा स्वभाव बघा. बहुतेक दिवस नॉर्मलपेक्षाही शांत जातात आणि अधूनमधून एखादा दिवस नॉर्मलला परवडणार नाही इतका वाईट येतो. ते मोजके भयंकर दिवस स्टँडर्ड डेव्हिएशन फुगवतात. तुमच्या ७१,४०० च्या दिवसाचा वर्गच बघा, तो एकटा केवढा भार टाकतो. फुगलेल्या डेव्हिएशनवर बेतलेला नॉर्मल वक्र मग मधल्या पट्ट्यात गरजेपेक्षा घाबरट होतो आणि टोकाला गरजेपेक्षा निर्धास्त. ९५ टक्के अजून त्या मधल्या पट्ट्याच्या काठावर आहे, म्हणून तिथे पॅरामेट्रिक जास्त सांगतो. ९९ पर्यंत पोचेतो शेपूट जाड झालेलं असतं आणि तो कमी पडतो.

पडताळायला सोपं आहे. नॉर्मल खरा असता तर ३३,१०८ च्या पलीकडे ५०० पैकी ५ दिवस असायला हवे होते. तुमच्या यादीत किमान दहा आहेत.

@रात्रपाळी, गृहीतक नाही असं मात्र नाही. 'उद्याचा दिवस या ५०० पैकीच एखाद्यासारखा असेल आणि प्रत्येकाची शक्यता सारखीच' हे चांगलं भक्कम गृहीतक आहे. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाउ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मागच्या ५०० दिवसांवरून हिस्टॉरिकल व्हॅर काढणाऱ्याच्या यादीत त्याच्या जवळपास जाणाराही दिवस नव्हता.

---

निळीशाई

मला वाटतं मूळ कारण कोरिलेशन आहे. ०.४ हा सगळ्या दिवसांचा सरासरी आकडा. पण बाजार कोसळतो त्या दिवशी सगळे शेअर हातात हात घालून पडतात, तेव्हा कोरिलेशन १ च्या जवळ जातं. हिस्टॉरिकलमध्ये ते आपोआप येतं कारण तुम्ही 'अ' आणि 'ब' चे त्याच तारखेचे परतावे जोडीने घेता. पॅरामेट्रिकमध्ये ०.४ टाकून तुम्ही विविधीकरणाचा जो फायदा घेतलात तो वाईट दिवशी मिळतच नाही. आठ हजारांचा फरक तिथून आलाय.

सावकाश, तुमच्या पाच वाईट दिवसांत दोन्ही शेअर एकत्रच पडले होते ना?

---

सावकाश

हो, पाचही दिवस दोन्ही खाली.

---

मोजपट्टी

निळीशाई, तुमचा मुद्दा खरा आहे पण तो सगळा फरक भरून काढत नाही, आणि हे याच आकड्यांवर दाखवता येतं. कोरिलेशन ०.४ ऐवजी थेट १ धरा, म्हणजे विविधीकरणाचा फायदा शून्य. मग एकत्र चढउतार ९,००० अधिक ८,००० म्हणजे १७,०००. त्याला २.३२६ ने गुणलं की ३९,५४२.

म्हणजे दोन्ही शेअर कायम एका दोरीला बांधले तरी पॅरामेट्रिक ४१,२०० पर्यंत पोचत नाही. कारण 'ब' एकटाच त्या दिवशी ५.५ टक्के पडला होता, त्याच्या २ टक्के डेव्हिएशनच्या पावणेतीन पट. शेपूट प्रत्येक शेअरचंच जाड आहे. एकत्र पडणं हा त्यावरचा दुसरा थर.

---

निळीशाई

१ टाकूनही पुरत नाही हे मी करून पाहिलं नव्हतं. मान्य.

पण मग पॅरामेट्रिकवर एवढा राग कशाला? पॅरामेट्रिक म्हणजे नॉर्मलच असं कुठे लिहिलंय? स्टुडंट-टी घ्या, ४ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा. त्याचा ९९ चा गुणक ३.७४७, पण त्याचं स्वतःचं डेव्हिएशन १ नसतं, म्हणून ०.७०७ ने खाली आणावा लागतो. राहतो २.६५. मग १४,२३४ गुणिले २.६५ म्हणजे ३७,७०० च्या आसपास. आणि ९५ ला हाच टी २१,५०० च्या आत येतो, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमी. सावकाशना दिसलेली उलटापालट जशीच्या तशी या वक्रात आहे.

---

मोजपट्टी

सुंदर. आणि तो ०.७०७ विसरणारे बरेच असतात. त्यांचा आकडा थेट ५३,००० वर जातो आणि मग ते टीलाच नावं ठेवतात. फक्त 'चारच डिग्री का' याचं उत्तर डेटातून काढावं लागेल. टोकाला जेमतेम दहा दिवस असताना ४ आणि ५ मधला फरक डेटा ठामपणे सांगू शकत नाही.

---

काठावरचा

थोडं वेगळं विचारतो. म्हणजे उद्या जास्तीत जास्त ४१,२०० जाणार असंच ना? तेवढी रोकड बाजूला ठेवली की झोप शांत?

आणि मी हे माझ्या खात्यावर करून पाहिलं. ब्रोकरच्या अहवालातून गेल्या ५०० दिवसांचा रोजचा नफा-तोटा उतरवला आणि पाचवा वाईट दिवस बघितला. माझा पोर्टफोलिओ सावकाशच्या दुप्पट आहे आणि व्हॅर फक्त १९,००० आला. माझे शेअर बरेच सुरक्षित दिसतात.

---

सावकाश

काठावरचा, 'जास्तीत जास्त' अजिबात नाही. माझ्याच यादीत ४१,२०० च्या वर चार दिवस आहेत आणि त्यातला एक ७१,४०० चा. व्हॅर फक्त उंबरठा सांगतो, पलीकडे किती खोल आहे ते सांगत नाही. त्या पाच दिवसांची सरासरी काढली तर ५२,५६० येते. रोकड ठेवायची तर मी निदान तिकडे बघेन.

---

मोजपट्टी

काठावरचा, दुसऱ्या प्रश्नात मोठी गफलत आहे. गेल्या ५०० दिवसांत तुमच्या खात्यात एवढीच रक्कम, याच शेअरमध्ये, याच प्रमाणात होती का?

---

काठावरचा

नाही. दीड वर्षापूर्वी याच्या पाव हिस्साही नव्हती. हळूहळू वाढवत नेली. मधे चार महिने तर बरंच काही काढून घेतलं होतं.

---

मोजपट्टी

मग तुम्ही तुमचा भूतकाळ मोजलात, तुमची आजची जोखीम नाही. बाजार कोसळला त्या दिवशी तुमचं खातं लहान होतं म्हणून तोटा लहान दिसतो. हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये इतिहास फक्त शेअर्सच्या परताव्यांचा घ्यायचा आणि तो आजच्या रकमांवर लावायचा. सावकाशनी ३.२ टक्क्यांना आजच्या ६,००,००० ने गुणलं ते यासाठीच. त्या दिवशी त्यांच्याकडे 'अ' चा एकही शेअर नसता तरी हिशेब तोच राहिला असता.

परत करून बघा. आकडा बराच वर जाईल असा माझा अंदाज आहे.

---

पाऊलवाट

सावकाश, मी तुमची यादी एक्सेलमध्ये टाकली (बाकी ४९० जागी लहान आकडे भरले, त्यांनी इथे फरक पडत नाही). मला ४१,२०० मिळतच नाही! ३८,६२६ येतोय. कोणाचं चुकलं?

---

सावकाश

कुठलं सूत्र वापरलंत?

---

पाऊलवाट

डी रकान्यात नफा-तोटा, तोटे उणे चिन्हाने:

```
=PERCENTILE.INC(D2:D501, 0.01)   -> -38626
=PERCENTILE.EXC(D2:D501, 0.01)   -> -41174
```

आता दुसरंही करून पाहिलं. दोन सूत्रांची दोन उत्तरं, आणि तुमचं तिसरंच!

---

मोजपट्टी

पाऊलवाट, तिघांपैकी कोणीच चुकलेलं नाही. पहिलं सूत्र ५०० आकड्यांमधल्या ४९९ फटींवर एक टक्का मोजतं, म्हणून ते ५.९९ व्या जागी जातं, म्हणजे जवळजवळ सहाव्या आकड्यावर. दुसरं ५०१ धरून ५.०१ व्या जागी, जवळजवळ पाचव्यावर. सावकाशनी सरळ पाचवा उचलला. रिस्क विभागात दोन टीमचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मी आधी हेच तपासायचे. निम्म्या वेळा भांडण तिथेच मिटायचं.

पण यातून खरं काय दिसतं ते बघा. पाचवा आणि सहावा यांच्यात २,६०० चं अंतर आहे, कारण त्या भागात डेटाच विरळ आहे. ५०० दिवस म्हटले तरी ९९ च्या पलीकडचं ज्ञान पाचच दिवसांचं असतं. खऱ्या ९९ टक्के पातळीपलीकडे ५०० दिवसांत सरासरी ५ दिवस पडतील, पण नशिबाने २ पडतील किंवा ९ ही पडतील. ते २ ते ९ मध्ये असण्याची शक्यता साधारण ९३ टक्के आहे. म्हणजे खरा व्हॅर तुमच्या यादीतल्या दहाव्या आणि दुसऱ्या आकड्यांच्या मधे, ३४,१०० ते ५८,९०० मध्ये, कुठेतरी आहे एवढंच खात्रीने म्हणता येतं. तेही सगळे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर, आणि ते तसे नसतात.

---

निळीशाई

आणि पॅरामेट्रिकची पट्टी किती? ५०० दिवसांवरून डेव्हिएशनची चूक तीन टक्क्यांच्या आसपास. दुप्पट धरा, तरी ३३,१०८ च्या वर-खाली दोनेक हजार. किती नेटका आकडा!

---

मोजपट्टी

नेटका, पण नॉर्मल खरा असेल तरच. शेपूट जाड असेल तर डेव्हिएशनच्या अंदाजातली चूकही तीन टक्क्यांहून मोठी असते. आणि ३३,१०८ हा माझ्या रुंद पट्टीच्या खालच्या टोकाच्याही खाली आहे. अरुंद पट्टी चुकीच्या जागी असण्यापेक्षा मला रुंद पट्टी बरी वाटते. पण पन्नास शेअर असतील आणि काहींचा इतिहास वर्षभराचाच असेल तर मीही पॅरामेट्रिककडे वळेन, तिथे दुसरा इलाज नसतो.

---

रात्रपाळी

माझं पहिलं उत्तर मी घाईत दिलं होतं, पण हिस्टॉरिकलबद्दल एक अनुभव सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मी बारा शेअर्सचं सिम्युलेशन चालवलं आणि यादीतला सगळ्यात वाईट दिवस दुसऱ्यापेक्षा पाचपट मोठा निघाला. दोन दिवस मी तो खरा मानून चाललो. मग तारखेवर जाऊन बघितलं तर त्या दिवशी बाकीचे अकरा शेअर जागचे हललेही नव्हते. एकच शेअर बरोबर ५० टक्के खाली. एकास एक बोनस दिला होता आणि मी उतरवलेले भाव बोनससाठी जुळवलेले नव्हते.

तेव्हापासून पहिल्या दहा दिवसांची प्रत्येक तारीख हाताने उघडून बघतो. एकटा एकच शेअर पडला असेल आणि आकडा ५०, ३३ किंवा ८० टक्क्यांसारखा गोल असेल, तर आधी बोनस, स्प्लिट बघतो.

---

पाऊलवाट

यात एक भर. असा दिवस हिस्टॉरिकलमध्ये निदान यादीच्या डोक्यावर दिसतो तरी. पॅरामेट्रिकमध्ये तो डेव्हिएशनमध्ये विरघळतो आणि कोणाला पत्ताच लागत नाही.

---

सावकाश

रात्रपाळींचं वाचून मीही तारखा उघडल्या. बोनस वगैरे काही नाही, भाव जुळवलेले आहेत. पण दुसरंच सापडलं.

पाचपैकी चार दिवस (७१,४००, ५८,९००, ४४,१०० आणि ४१,२००) एकाच पडझडीतले आहेत. आजपासून मागे मोजलं तर ४९५ वं, ४९२ वं, ४९१ वं आणि ४८३ वं सत्र. म्हणजे येत्या सहाव्या सत्राला पहिला दिवस विंडोबाहेर जाईल आणि अठराव्या सत्रापर्यंत चारही जातील. तोवर काही वाईट घडलं नाही तर यादी उरते ४७,२००, ३८,६००, ३६,९००, ३५,२००, ३४,७००... म्हणजे पाचवा आकडा ३४,७००!

बाजारात काही न घडता, मी एकही शेअर न विकता, माझी 'जोखीम' साडेसहा हजारांनी उतरणार. हे मला पटत नाहीये.

---

निळीशाई

हा हिस्टॉरिकलचा जुना दोष. पॅरामेट्रिकला हे होत नाही.

---

ताळेबंद

निळीशाई, होतं की. सावकाशनी डेव्हिएशन त्याच ५०० दिवसांवरून, सगळ्या दिवसांना सारखं वजन देऊन काढलंय. त्या चार दिवसांचे वर्ग करून ५०० ने भागा. एकूण २०.२६ कोटींमधले जवळपास २.४४ कोटी त्या चौघांचेच आहेत. ते गेले आणि त्यांच्या जागी शांत दिवस आले की डेव्हिएशन १३,३५० च्या आसपास आणि व्हॅर ३१,००० च्या जवळ. ३३,१०८ वरून ३१,०००. घसरण लहान, पण कारण तेच.

दोष सारख्या वजनाचा आहे, पद्धतीचा नाही. म्हणून जे. पी. मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्स खुलं केलं तेव्हा त्यात कालच्या दिवसाला जास्त आणि मागे जाल तसं घटत जाणारं वजन ठेवलं. रोजच्या डेटासाठी घटीचा गुणक ०.९४.

हिस्टॉरिकलमध्येही तसं करता येतं. १९९८ साली हल आणि व्हाइट यांनी मांडलेली युक्ती मला सगळ्यात समजण्यासारखी वाटते. प्रत्येक जुना परतावा त्या वेळच्या चढउताराने भागायचा आणि आजच्या चढउताराने गुणायचा. सावकाशचा ४१,२०० चा दिवस घ्या. त्या आठवड्यात पोर्टफोलिओचा चढउतार दिवसाला २.२ टक्के होता असं धरू आणि आज तो १.१ आहे. मग तो दिवस आजच्या मापाने २०,६०० चा. उलट, एखाद्या अगदी शांत काळात, चढउतार ०.७ टक्के असताना, १८,२०० चा तोटा झाला असेल तर तो आजच्या मापाने २८,६०० चा होतो. दहाच्या यादीत नसलेला दिवस वर चढतो आणि पाचवा दिवस खाली जातो. शेपटाचा आकार डेटातून येतो आणि उंची आजच्या हवेवरून.

मग जुने दिवस विंडोबाहेर गेले तरी फार धक्का बसत नाही, कारण ते आधीच आजच्या मापाचे झालेले असतात.

---

निळीशाई

सारख्या वजनाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही, बरोबर आहे. पण तुमचा उपाय मला घाबरवतो. आज बाजार शांत आहे म्हणून ४१,२०० चे २०,६०० करायचे? बाजार नेहमी शांततेतूनच कोसळतो. शांत काळात व्हॅर कमी, म्हणून लोक जास्त उचलणार, आणि पहिल्या धक्क्याला सगळ्यांचा व्हॅर एकदम वर जाऊन सगळे एकाच दाराने बाहेर पडणार. त्यापेक्षा मला ते चार दिवस जसेच्या तसे यादीत राहिलेले चालतील.

---

ताळेबंद

मग ते कायमचे ठेवा आणि त्याला वेगळं नाव द्या, 'ताणाचा आकडा'. तो उपयोगी आहेच. पण व्हॅर म्हणजे उद्याचा अंदाज. आज चढउतार १.१ असताना २.२ च्या काळातला दिवस उद्या येण्याची शक्यता पाचशेत एक आहे असं म्हणणं म्हणजे अंदाज नाही.

---

निळीशाई

इथे आपलं जमणार नाही असं दिसतंय. :)

---

काठावरचा

परत केलं. आजच्या रकमा, जुने परतावे. १९,००० चे ८७,००० झाले. मोजपट्टीताई, 'बराच वर' म्हणालात पण एवढा वाटला नव्हता. सुरक्षित शेअरचं म्हणणं मागे घेतो. आता याला दहाच्या वर्गमुळाने गुणलं की दहा दिवसांचा व्हॅर मिळतो ना?

---

मोजपट्टी

बरं केलंत परत मोजून. वर्गमुळाने गुणणं तेव्हाच चालतं जेव्हा दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि चढउतार रोज सारखाच असतो. सावकाशचे चार दिवस तेरा सत्रांत एकमेकांच्या पाठोपाठ आलेत, ते पाहता मी त्या गुणाकारावर फार विसंबणार नाही. धागा एका दिवसाचा आहे, तेव्हा इथेच थांबते.

सावकाश, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कुठला धरायचा हे आपण इथे बोलून ठरणार नाही. तुमच्याकडे ५०० च्या मागचाही डेटा असेल तर शेवटच्या २५० दिवसांपैकी प्रत्येक दिवशी, फक्त त्याच्या आधीच्या ५०० दिवसांवरून दोन्ही व्हॅर काढा आणि दुसऱ्या दिवशीचा तोटा कितीदा पलीकडे गेला ते मोजा. बँकांसाठी बासेलचा १९९६ पासूनचा निकष २५० दिवस आणि ९९ टक्क्यांचाच आहे. ४ पर्यंत हिरवा, ५ ते ९ पिवळा, १० पासून लाल. अपेक्षित असतात अडीच.

---

सावकाश

७५० सत्रांचे भाव होते, केलं. शनिवार-रविवार त्यातच गेला.

२५० दिवसांत पॅरामेट्रिक दोनदा ओलांडला, हिस्टॉरिकल एकदा. दोन्ही हिरव्यात. पॅरामेट्रिकचे दोन्ही दिवस एकाच आठवड्यातले, एक ४७,२०० चा आणि एक सत्र सोडून ३६,९०० चा. हिस्टॉरिकल फक्त पहिल्या दिवशी फुटला.

म्हणजे परीक्षा घेतली आणि दोघेही पास.

---

मोजपट्टी

हे २५० दिवस शांत होते आणि ती मोठी पडझड दोन्हींच्या विंडोत पूर्ण वेळ बसून होती, म्हणून दोघांनाही सोपी प्रश्नपत्रिका मिळाली. अडीच अपेक्षित असताना एक आणि दोन यांतला फरक काहीच सिद्ध करत नाही. तुमचे भाव पडझडीच्या आधीपासून आहेत, तेव्हा ती विंडोत शिरायच्या आधीच्या दिवसापासून परीक्षा घेऊन बघा, मागे २५० च दिवस मिळाले तरी चालतील. तिथे दोन्ही नापास होतील असं मला वाटतं, पण किती वाईट ते बघण्यासारखं आहे. आणि एका आठवड्यात दोन वेळा ओलांडला ही खूण मला मोजणीपेक्षा महत्त्वाची वाटते. पॅरामेट्रिकने पहिल्या धक्क्यानंतर आपला आकडा फारसा बदललाच नाही.

---

ताळेबंद

०.९४ च्या वजनाने तो बदलला असता. पहिल्या दिवसाचा वर्ग सहा टक्के वजनाने आत आला असता. आजच्या १.१ वरून हिशेब केला तरी एका रात्रीत चढउतार १.५ च्या पुढे, आणि ९९ चा व्हॅर ३६,५०० च्या आसपास. ३६,९०० ला तोही थोडक्यात फुटला असता, ते मान्य. :)

---

सावकाश

सगळ्यांचे आभार. तूर्तास मी दोन्ही आकडे शेजारी लिहितोय, ३३,१०८ आणि ४१,२००, आणि खाली ते पाच वाईट दिवस तारखांसकट. रोकड ५२,५६० वर बेतून ठेवली आहे. ताळेबंदांची मापात आणायची युक्ती वेगळ्या रकान्यात चालू केली आहे, पण त्यावर अजून विसंबलेलो नाही. निळीशाईंचा आक्षेप मनातून जात नाही.

मोजपट्टींनी सांगितलेली अवघड परीक्षा २५० च्या विंडोने आज रात्री लावतो. आणि सहा सत्रांनी ७१,४०० चा दिवस बाहेर पडेल, तेव्हा तिन्ही रकाने इथे टाकतो.